आत्याचं रोजचं ‘शुभ सकाळ’: नुसतं चित्र कुठलं आणि हाक कुठली?

केवडा_म्हापसा

नमस्कार मंडळी. जरा मन लावून वाचा, मला खरंच मदत हवी आहे.

माझी आत्या सावईवेऱ्याला राहते. वय 74. आतोबा दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा दुबईला. मी म्हापशात, नोकरी सकाळी नऊ ते सहा. रोज सकाळी सहा-सव्वासहाला तिचं व्हॉट्सॲपवर चित्र येतं. कधी गुलाब, कधी समई, कधी वाफाळता कप आणि खाली ‘शुभ सकाळ’. मी हात जोडल्याची खूण पाठवते. घाईत असले तर तीही राहते.

गेल्या मंगळवारी तिचं ‘शुभ सकाळ’ दुपारी तीनला आलं. मी कामात होते, पाहिलं आणि बाजूला ठेवलं. रात्री फोन केला तर म्हणाली, “कांय ना गो, चुकून गेलें.” दोन दिवसांनी शेजारच्या काकींकडून कळलं की त्या दुपारी ती जेवली नव्हती. ओसरीवर फोन हातात घेऊन बसून होती, कोणाशी तरी बोलावंसं वाटत होतं म्हणे.

तेव्हापासून चैन नाही. तिची चित्रं मला बंद करायची नाहीत. मला एवढंच कळायला हवं आहे की कुठल्या दिवशी ते नुसतं पुढे ढकललेलं चित्र असतं आणि कुठल्या दिवशी ती मला हाक मारत असते.

निखिल_पर्वरी

अगदी सोपं आहे. चित्राच्या वर बारीक अक्षरांत ‘फॉरवर्डेड’ लिहिलेलं असतं ना, बाण असलेलं? ते असेल तर ढकललेलं. नसेल तर तिने स्वतः पाठवलंय, म्हणजे लगेच फोन करायचा. 2018 पासून ही खूण येते. रोज तेवढंच बघत जा.

सुलभा_मडगाव

माझ्याकडे तर चार ग्रुप आणि दोन नणंदा! सकाळी आठपर्यंत तीसेक चित्रं जमतात आणि फोन भरून जातो. सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन फोटो आपोआप उतरणं बंद करा, आणि ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये कोणाच्या चॅटने किती जागा खाल्ली ते दिसतं, तिथून एकदम निवडून काढून टाका. 2018 च्या सुरुवातीला गूगलनेसुद्धा आपल्या फाइल्स गो या ॲपमध्ये खास ही सकाळची चित्रं हुडकून काढायची सोय केली होती, इतका हा त्रास भारतभर झाला होता. मी दर रविवारी साफ करते.

केवडा_म्हापसा

सुलभाताई, धन्यवाद, पण मला जागा नको आहे, आत्या हवी आहे. उलट मी आता तिचं एकही चित्र काढून टाकणार नाही.

निखिल, तुमचं वाचून लगेच पाहिलं. मंगळवारी तीन वाजता आलेल्या चित्रावर ‘फॉरवर्डेड’ होतं. म्हणजे तुमच्या हिशेबाने ते ढकललेलं. पण तीच तर खरी हाक होती.

वाचनालय_डिचोली

केवडाताई, मी निवृत्त शिक्षक. गेली पाच वर्षं आमच्या गावच्या वाचनालयात ज्येष्ठांना संध्याकाळी मोबाईल शिकवतो. चित्रं पाठवणारे हात मी जवळून पाहिले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

निखिल यांचं अर्धं बरोबर आहे. तो बाण फक्त चित्र कुठल्या वाटेने आलं ते सांगतो, पाठवणाऱ्याच्या मनात काय होतं ते सांगत नाही. आणि वाट तरी नीट सांगतो का? आमच्याकडच्या एक आजी आलेलं चित्र आधी गॅलरीत उतरवतात, मग तिथून पाठवतात, कारण नातवाने त्यांना तसंच शिकवलंय. त्यांच्या चित्रावर बाण कधीच नसतो, आणि ते रोज चाळीस जणांना जातं. दुसरे एक काका ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतात. तिच्यात 256 जणांपर्यंत नावं घालता येतात आणि प्रत्येकाला ते आपल्या एकट्यालाच आल्यासारखं दिसतं. तेव्हा बाण नाही म्हणून माझ्यासाठीच, हे धरून चालू नका.

उलटही घडतं. तुम्ही कधी जोडबाण पाहिला असेल, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेलं’ असं सांगणारा. पाच किंवा जास्त हातांतून फिरत आलेल्या मेसेजला तो लागतो. एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. साधा एकबाणी मेसेज एका दमात पाच ठिकाणी जातो, जोडबाणी जात नाही. आता विचार करा. आत्याच्या हातात तो जोडबाण लागूनच आला असेल, तर तुम्हाला पाठवताना तिला तुमचं एकटीचं नाव शोधून दाबावं लागलं. दिसायला सगळ्यांत उष्टं चित्र, पण त्यासाठी तिचं बोट तुमच्या नावावर थांबलं होतं. हे दर वेळी खरं नसतं, कारण तिच्यापर्यंत ते एकबाणी आलं आणि तिने पुढे पाठवताना जोडबाणी झालं असंही होतं. तरी माझ्या वर्गातल्या बायकांना हे सांगितलं तेव्हा दोघीजणी म्हणाल्या, “म्हणूनच ती चित्रं मी फक्त लेकीला पाठवते, बाकीच्यांना पाठवायला वेळ लागतो.”

म्हणून सांगतो, चित्र पाहू नका, बाणही पाहू नका. तिचा स्वतःचा नेम पाहा. तिची महिन्याभराची चॅट मागे सरकवत जा आणि एकच गोष्ट शोधा: तिने आपला नेम कुठे मोडला? वेळ बदलली का, एकाऐवजी दोन चित्रं लागोपाठ आली का, शब्द आले का, किंवा येणारे शब्द थांबले का. जे सापडेल ते इथे लिहा, मग बोलू.

ओवी_काणकोण

मास्तरांच्या म्हणण्याला माझी जोड. मी भाषा शिकवते. आपल्याकडे वाटेत भेटलेला माणूस “जेवलें गो?” विचारतो तेव्हा त्याला आपण काय जेवलो ते ऐकायचं नसतं. आपण “जेवलें” म्हणतो आणि चालू लागतो. मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने 1923 साली अशा बोलण्यावर लिहिलं होतं. ट्रोब्रियंड बेटांवरच्या लोकांत राहून आलेला माणूस तो. काही बोलणं माहिती द्यायला नसतं, माणसं एकमेकांशी बांधलेली राहावीत एवढ्याचसाठी असतं, असं त्याचं म्हणणं. सकाळचं चित्र त्याच जातीचं. त्यामुळे ‘नुसतं ढकललेलं’ या शब्दाला माझा थोडा विरोध आहे. त्यातही हाक असते, फक्त तिला उत्तरात गप्पा नको असतात.

मग वाटेवर आपल्याला फरक कसा कळतो? शब्द तेच असतात, पण विचारणाऱ्याचे पाय थांबतात. “जेवलें?” म्हणून तो पुढे गेला तर ती ओळख झाली. “जेवलें?” म्हणून सोप्यावर टेकला तर त्याला बोलायचं आहे. फोनवर हे पाय थांबणं कुठे दिसतं, ते शोधायला हवं. चित्रानंतर ती ऑनलाईन राहते का? ‘टायपिंग’ दिसतं आणि काहीच येत नाही, असं होतं का?

भाऊकाका_फोंडा

मी 71 वर्षांचा, आणि मी रोज चित्र पाठवणाऱ्यांतला आहे. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून आमची बाजू लिहितो.

पहाटे साडेपाचला जाग येते. पाव विकणाऱ्या पोदेराचा पोंक पोंक भोंपू वाजेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. तेवढ्यात अकरा जणांना चित्र जातं. त्यातल्या नऊ जणांना ते म्हणजे “मी उठलो, ठीक आहे” एवढंच. उत्तर नाही आलं तरी मला काही वाटत नाही, दोन निळ्या खुणा झाल्या की पुरे. उरलेल्या दोघांचं तसं नाही. एक माझा धाकटा भाऊ, एक जुना मित्र. त्यांना पाठवलं की मी थांबून बघतो. पण “तुझ्याशी बोलायचंय” असं लिहायला हात धजत नाही. तो कामात असेल, त्याला ओझं वाटेल. चित्र पाठवलं की त्याला सुटायला वाट राहते आणि मलाही. केवडाताई, तुझी आत्या “चुकून गेलें” म्हणाली ना, ते मीसुद्धा म्हटलं असतं.

निखिल_पर्वरी

भाऊकाका, माफ करा, पण मग समोरच्याने ओळखायचं कसं? तुम्ही सरळ लिहिलंत तर किती बरं होईल. चित्रात दडवून ठेवायचं आणि आम्ही ओळखलं नाही की आम्हाला दोष.

भाऊकाका_फोंडा

दोष कोणी दिला, बाबा? मी फक्त कसं होतं ते सांगितलं.

बोटीवरचा

मी जहाजावर काम करतो. माझी आई पेडण्याला. आमचं वेळेचं गणित रोज बदलतं, त्यामुळे मास्तरांचा ‘वेळ बदलली का’ हा नियम मला लागू पडत नाही. माझ्याकडे नेट आलं की तीन दिवसांची तीन चित्रं एकदम उतरतात. पण मेसेजवर तिने पाठवल्याची वेळ असते ती मी बघतो, मला मिळाल्याची नव्हे. एकदा तिच्याकडच्या वेळेने पहाटे 2:40 चं ‘शुभ सकाळ’ होतं. आईला झोप लागत नव्हती, दाढ ठणकत होती. हे मला चार दिवसांनी कळलं. लांब असलेल्या मुलांनी तेवढा आकडा जरूर बघावा.

केवडा_म्हापसा

काल रात्री बसून आत्याची चॅट मागे नेत गेले. मास्तर, तुम्ही म्हणालात तसं गेले तीस दिवस पाहिले. सव्वीस दिवस सहा ते पावणेसात यांच्यामध्ये एक चित्र, बाण असलेलं. त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. उरले चार.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी तिने गणपतीवर फळं-पानं टांगून केलेल्या माटोळीचा फोटो पाठवला होता. बाण नाही, शब्द नाहीत. फोटो जरा तिरका, कोपऱ्यात तिचा अंगठा. मी त्याखाली ‘छान’ लिहिलं आणि बस. आता बघते तर माटोळीला नेहमीपेक्षा फळं अगदी कमी आहेत. दर वर्षी आतोबा रानातून आणायचे.

नंतर एका रात्री 9:50 ला दिव्याचं चित्र, आणि त्याच्याखाली ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी ओळ. तिने काहीतरी लिहिलं आणि पुसलं. मी तेव्हा विचारलंही नाही.

मग एका सकाळी दोन मिनिटांच्या अंतराने तेच गुलाबाचं चित्र दोनदा. आणि चौथं मंगळवारचं, दुपारी तीनचं.

आणखी एक सापडलं, ते तीस दिवसांच्या आत दिसलंच नसतं. जूनपर्यंत ती शब्द लिहायची. “जेवलीस?” “पाऊस पडतो?” “आज पातोळ्यो केल्या.” जुलैपासून एकही अक्षर नाही, फक्त चित्रं. असं का झालं असेल?

वाचनालय_डिचोली

केवडाताई, छान काम केलंत. पुसलेला मेसेज आणि दुपारचं चित्र, या दोन्ही ठिकाणी ओवीताई म्हणतात तसे पाय थांबले होते, असं मला वाटतं. दोनदा आलेल्या गुलाबाला फार अर्थ देऊ नका. बोट थरथरलं की तसं होतं, आणि पहिलं गेलं नाही असं वाटूनही पुन्हा पाठवतात.

पण मला तुमची शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त बोलते. लिहिणारं माणूस अचानक नुसत्या चित्रांवर येतं तेव्हा मी आधी मनाकडे जात नाही, डोळ्यांकडे आणि बोटांकडे जातो. मोतीबिंदू वाढला की कीबोर्डवरचं ‘ध’ आणि ‘घ’ वेगळं दिसत नाही. चित्र मात्र मोठं असतं, रंगाने कळतं. माझ्या वर्गात असे तीन जण झाले. घरच्यांना वाटलं, आजींना आता बोलायला आवडत नाही. कदाचित फोनचा कीबोर्ड बदलला असेल, कदाचित बोटं दुखत असतील. पण विचारा.

विचारायची रीत सांगतो. “काही हवंय का?” असं विचारलंत की उत्तर “कांय नाका” हेच येणार. उत्तरादाखल चित्रही पाठवू नका, अंगठाही नको, कारण त्याने देवघेव पुरी होते आणि ती थांबते. एक बारीकसा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तिच्याशिवाय कोणाला देता येणार नाही. आणि लिहून नको, आवाजात पाठवा, तिला वाचावं लागू नये. पंधरा सेकंद पुरेत. मग बघा, दुसऱ्या सकाळी नेहमीचं चित्र आलं आणि तुमच्या प्रश्नाला काहीच नाही, तर तो दिवस ओळखीपुरताच होता, वाईट वाटून घेऊ नका. उत्तर आलं आणि तिने तुम्हाला उलट काही विचारलं, तर तिला बोलायचं आहे. तो उलटा प्रश्न ही माझ्या अनुभवात सगळ्यांत खात्रीची खूण.

एक काळजी घ्या. आवाजाचा मेसेज पाठवताना ज्येष्ठ मंडळी माईकवरचं बोट मध्येच सोडतात आणि दोन सेकंदांचा ‘अं’ तेवढा येतो. तो आला तर ते उत्तर समजा आणि फोन लावा.

सुलभा_मडगाव

केवडा, मी आधी भलतंच समजले होते. हे वाचून माझ्या मोठ्या नणंदेची चॅट उघडली. साफसफाईत तिची सगळी चित्रं गेलीत, आता मागचं काही पाहताच येत नाही. फक्त काल सकाळचं आहे.

निखिल_पर्वरी

मास्तर, जोडबाणाचं मला माहीत नव्हतं. एक विचारतो. अनोळखी नंबरवरून “हॅलो, ओळखलंस का?” असं येतं तेव्हा? तिथे तर चित्र नाही, बाण नाही, सरळ प्रश्न आहे. तुमच्या खुणेप्रमाणे ती खरी हाक झाली.

वाचनालय_डिचोली

नाही. हे सगळं ओळखीच्या माणसापुरतं, ज्याचा नेम आपल्याला माहीत आहे. अनोळखी नंबरचा गोड प्रश्न हा बोलायला लावण्यासाठीच असतो, फसवणारे तिथूनच सुरुवात करतात. उत्तर देऊ नका. खरंच ओळखीचा असेल तर तो नाव सांगेल, आणि नाव सांगितलं तरी पैशांची गोष्ट निघाली की त्याच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा.

ओवी_काणकोण

मला एक शंका राहतेच. चित्राला रोज उत्तर द्यावं का? मास्तरांच्या रीतीने दर सकाळी प्रश्न विचारू लागलो तर त्या प्रश्नाचाही नेम होईल. “आज काय केलंस?” हे आठवड्याभरात दुसरं ‘शुभ सकाळ’ होऊन बसेल.

भाऊकाका_फोंडा

होईल, खरं आहे. माझा भाऊ रोज “कसा आहेस” लिहितो आणि मी “बरा” लिहितो. पण परवा त्याने विचारलं, “अंगणातल्या फणसाला यंदा किती लागले होते?” मी अर्धा तास लिहीत बसलो होतो.

बोटीवरचा

रोज नको, असं माझं मत. मी आईला फक्त बंदरावर असताना विचारतो, मध्ये नुसती खूण पाठवतो. तिलाही ते ठाऊक आहे. पण आमचं वेगळं, आमच्याकडे बंदर आहे.

केवडा_म्हापसा

आज सकाळचं लिहिते आणि निघते.

6:12 ला चित्र आलं, समईचं, बाण असलेलं. मी आवाजात विचारलं, “आत्या, पातोळ्यांना हळदीची पानं तू आपल्या परसातलीच घेतेस की तिंट्यावरून आणतेस?” मेसेज ऐकल्याची निळी खूण लगेच झाली. मग बराच वेळ काही नाही. मी डबा भरला. 6:40 ला दोन सेकंदांचा आवाज आला, नुसतं “ए...” मास्तरांचं आठवलं आणि फोन लावला.

हळदीच्या पानांवर दहा मिनिटं बोलली. परसातली यंदा नीट आली नाहीत म्हणाली. मग म्हणाली, “तुझें ऑफिस?” मी म्हटलं, आज उशिरा जाते. त्यावर जरा थांबून तिने विचारलं, आयतवारी येशील का, फोनवरची अक्षरं हल्ली पांढुरकी दिसतात, दिव्याभोवती रिंगण दिसतं, कोणाला सांगायचं कळत नव्हतं. त्या रात्री पुसलेल्या मेसेजमध्ये काय होतं तेही विचारलं. म्हणाली, “तेंच बरयलें आशिल्लें. पूण तुका त्रास कित्याक?”

रविवारी सकाळच्या कदंबाने फोंड्याला जाते, तिथून सावईवेऱ्याला. सोमवारची रजा टाकली आहे, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईन. मास्तर, तिच्या फोनवर अक्षरं मोठी कशी करायची आणि माईकचं बटण लॉक कसं करायचं, तेवढं शनिवारपर्यंत लिहून ठेवाल का? मी उतरवून घेऊन जाईन.

वाचनालय_डिचोली

माईक आत्ताच सांगतो. दाबून धरायचा आणि बोट वर, कुलुपाच्या चित्राकडे सरकवायचं, मग सोडलं तरी चालतं. झालं की बाणाचं बटण दाबायचं. तिच्याकडून चार वेळा करून घ्या, तुम्ही स्वतः करून दाखवू नका. अक्षरांचं प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या जागी असतं. तिचा फोन कुठला ते कळवा, मग लिहितो.